ताप उतरतो तेव्हा : टीपीआर तक्त्याचे वाचन

तक्ता आणि त्याचे रकाने

रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरांबरोबर चौकटी आखलेला एक लांबट कागद लावलेला असतो आणि परिचारिका त्याला टीपीआर चार्ट म्हणतात. टेंपरेचर, पल्स आणि रेस्पिरेशन, म्हणजे शरीराचे तापमान, नाडी आणि श्वसन, या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. या तिन्हींच्या जोडीला आज रक्तदाबाचाही रकाना असतो आणि या चार मोजमापांना मिळून व्हायटल्स किंवा जीवनलक्षणे म्हटले जाते. कागदाच्या वरच्या बाजूला दिवस आणि वेळा लिहिलेल्या असतात, मधल्या चौकटींत तापाचे ठिपके मांडून ते रेषेने जोडलेले असतात आणि उजवीकडे किंवा तळाशी शेऱ्याची जागा असते, जिथे परिचारिका रुग्णाची तक्रार, दिलेले औषध, उलटी, लघवी, झोप अशा गोष्टी थोडक्यात टिपतात.

हे चारही आकडे एकाच कागदावर एकत्र आले त्यामागे सुमारे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. तापमान नियमित मोजून त्याचा आलेख काढण्याच्या पद्धतीला जर्मनीतील लाइपझिग येथील वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी भक्कम पाया दिला. हजारो रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला आणि ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, तसेच त्याच्या चढउताराला प्रत्येक रोगात विशिष्ट घडण असते, हा विचार त्यातून रुजला. त्याच दशकात इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी सुमारे सहा इंच लांबीचा, काही मिनिटांत तापमान दाखवणारा थर्मामीटर तयार करवला, त्यामुळे ताप मोजणे हे खाटेशेजारी रोज करण्याजोगे काम झाले. रक्तदाबाचा आकडा त्यानंतर आला. इटलीचे शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा वापरात आणला आणि रशियाचे निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली स्टेथोस्कोपने धमनीतील आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची रीत दाखवली. आज वॉर्डात बीपी हातयंत्राने घेतले जाते तेव्हा हीच रीत चालू असते.

या तक्त्याचे वाचन बहुतेकांच्या लेखी एका प्रश्नावर संपते : ताप किती आहे? रुग्णाचे नातेवाईक सकाळी आल्याबरोबर हेच विचारतात आणि ताप उतरला असे कळले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक तापांत हा दिलासा रास्तही असतो. परंतु महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वॉर्ड भरून टाकणाऱ्या डेंग्यूत याच्या उलट घडू शकते, कारण या आजाराचा सर्वांत धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नव्हे, तर तो उतरत असताना सुरू होतो. त्या वेळी तापाची रेषा रुग्ण बरा होत असल्याचे सांगते आणि शेजारचे रकाने वेगळेच सांगू लागतात. म्हणून तक्ता आडवा, म्हणजे एका वेळेचे सर्व रकाने एकत्र, आणि उभा, म्हणजे एकच रकाना दिवसामागून दिवस, असा दोन्ही दिशांनी वाचावा लागतो. हे वाचन कसे करायचे ते डेंग्यूच्या एका नमुना तक्त्यावरून पाहता येईल.

पाच दिवसांचा एक तक्ता

पुढील तक्ता समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे, मात्र त्यातील आकड्यांचा क्रम डेंग्यूच्या गंभीर वळणावर प्रत्यक्ष दिसतो तसाच ठेवला आहे. रुग्ण २८ वर्षांचा, ६० किलो वजनाचा पुरुष असून ताप येऊ लागल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दाखल झाला आहे आणि डेंग्यूची रक्ततपासणी सकारात्मक आली आहे. रक्तदाबाचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत, तर नाडी आणि श्वसन दर मिनिटाला मोजले आहे.

| आजाराचा दिवस, वेळ | ताप (°फॅ.) | नाडी | श्वसन | रक्तदाब | परिचारिकेचा शेरा |
|---|---|---|---|---|---|
| ३रा, सं. ६ | १०३.२ | ११२ | २२ | ११८/७४ | डोके व अंग दुखते. पाणी पितो. पॅरासिटामॉल दिले. |
| ४था, स. ६ | १०२.४ | १०६ | २० | ११६/७४ | झोप तुटक. जेवण कमी. |
| ४था, सं. ६ | १०१.६ | १०२ | २० | ११४/७६ | एक उलटी. पॅरासिटामॉल दिले. |
| ५वा, स. ६ | ९९.४ | ९८ | २० | ११०/७८ | रात्री १० नंतर तापाची गोळी नाही. पोटात दुखते. दोन उलट्या. |
| ५वा, दु. २ | ९८.४ | १०८ | २२ | १०६/८२ | पोटदुखी वाढली. स. ९ नंतर लघवी नाही. पाय गार. |
| ५वा, दु. ४ | ९८.० | ११८ | २४ | १०४/८६ | हातपाय गार, ओलसर. अस्वस्थ. डॉक्टरांना बोलावले. |
| ५वा, सं. ६ | ९८.२ | १०४ | २० | १०८/७६ | सलाईन चालू. हात कोमट. लघवी झाली. |
| ६वा, स. ६ | ९८.४ | ८८ | १८ | ११२/७४ | शांत झोप. पेज घेतली. |
| ७वा, स. ६ | ९८.० | ६२ | १८ | १२०/७४ | भूक लागते. अंगाला खाज, पुरळ. लघवी भरपूर. |

पहिल्या रकान्यात दिवस कसा मोजला आहे याकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. रुग्णालयातील पुष्कळशा नोंदी दाखल झाल्याच्या दिवसापासून मोजल्या जातात, त्यामुळे या रुग्णाचा आजाराचा पाचवा दिवस अशा नोंदीत तिसरा दिवस म्हणून दिसेल. डेंग्यूत मात्र गणना ताप आला त्या दिवसापासून करणे आवश्यक असते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार आजाराची धोक्याची अवस्था साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. दाखल करून घेताना 'ताप नेमका कधीपासून' हे विचारून दोन्ही दिवस तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवले, तर रात्रपाळीला नव्याने आलेल्या परिचारिकेलाही ही खिडकी कधी उघडणार आहे ते दिसते.

नाडीने तापाची साथ सोडणे

ताप वाढला की हृदयाची गती वाढते आणि ताप उतरला की ती कमी होते. तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढले तर नाडी मिनिटाला सुमारे दहा ठोक्यांनी वाढते, असा ढोबळ नियम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. प्रत्येक माणसात तो तंतोतंत लागू पडत नाही आणि टायफॉइडसारख्या काही आजारांत नाडी तापाच्या मानाने मंद राहते, तरीही दोन्ही रेषा साधारणपणे हातात हात घालून वरखाली होतात, एवढे त्यातून लक्षात ठेवता येते. या रुग्णाची निरोगी अवस्थेतील नाडी ७० च्या आसपास धरली, तर १०३.२ अंश तापाला ती ११५ च्या आसपास असायला हवी आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ११२ होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी १०१.६ अंशाला अपेक्षा १०० ची होती आणि नोंद १०२ ची आहे. येथपर्यंत दोन्ही रकाने परस्परांशी जुळतात.

पाचव्या दिवशी सकाळी ताप ९९.४ वर आला आणि त्या हिशेबाने नाडी ८० च्या खाली यायला हवी होती, परंतु ती ९८ वर अडून राहिली. तक्त्यातील धोक्याचा हा पहिला इशारा असून तो सहज नजरेतून निसटणारा आहे, कारण ९८ हा आकडा एकटा पाहिला तर कोणालाही घाबरवत नाही आणि आदल्या दिवशीच्या १०२ पेक्षा तो कमीच दिसतो. त्याचा अर्थ शेजारच्या तापाच्या आकड्याबरोबर वाचल्यावरच लागतो. तापाने नाडीला वर चढवून ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही, तरी ती वर आहे, याचा अर्थ तिला वर ठेवणारे दुसरे काहीतरी कारण निर्माण झाले आहे. दुपारी दोनला हा दुरावा उघडच होतो, कारण ताप आणखी उतरून ९८.४ झाला आणि नाडी उलट चढून १०८ झाली. आलेखावर खाली येणारी तापाची रेषा आणि वर जाणारी नाडीची रेषा अशा वेळी एकमेकींना छेदतात. जुन्या जर्मन वैद्यकात या छेदाला मृत्यूचा क्रूस या अर्थाचे नाव होते, इतकी त्याची दहशत तेव्हाच्या वैद्यांना वाटत असे.

सकाळचा ताप खरोखर उतरला होता की गोळीने तात्पुरता दबला होता, हा प्रश्न येथे येतो आणि त्याचे उत्तर आकड्यांत नसून शेऱ्यात आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास राहतो, म्हणून गोळीनंतर दोन तासांनी घेतलेले ९९.४ आणि गोळीवाचून आठ तास गेल्यावर घेतलेले ९९.४ यांचा अर्थ एक नाही. 'रात्री १० नंतर तापाची गोळी नाही' हे शेऱ्यातले एक वाक्य नसते, तर सकाळच्या आकड्यावरून काहीच निष्कर्ष काढता आला नसता. ते असल्यामुळे ताप स्वतःहून उतरला आहे आणि धोक्याच्या अवस्थेचे घड्याळ सुरू झाले आहे, असे मानता येते.

दोन दाबांमधले अंतर

रक्तदाबाच्या नोंदीतला वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते त्या क्षणाचा धमनीतील दाब असतो आणि खालचा आकडा दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतला दाब असतो. वरच्यातून खालचा वजा केला की जे अंतर उरते त्याला पल्स प्रेशर म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात ते साधारण ४० च्या आसपास असते. बहुतेक तक्त्यांत त्यासाठी वेगळा रकाना नसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला ही वजाबाकी मनात करावी लागते. या तक्त्यात ती क्रमाने केली, तर तिसऱ्या दिवसापासून ४४, ४२, ३८, ३२, २४ आणि १८ अशी उतरती साखळी मिळते. वरचा दाब या काळात ११८ वरून १०४ वर आला आहे, म्हणजे फक्त १४ ने घटला आहे, आणि १०४ हा आकडा अनेक धडधाकट तरुणांतही आढळतो. खालचा दाब तर घटण्याऐवजी ७४ वरून ८६ वर चढला आहे. 'बीपी व्यवस्थित आहे' असे कोणीही म्हणेल अशा या आकड्यांत प्रत्यक्षात शॉकची सुरुवात लपलेली आहे.

हे घडते कसे, ते डेंग्यूच्या मूळ विकृतीत आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर या आजारात काही काळ गळके होते आणि रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वाहिनीबाहेर झिरपून पोटाच्या पोकळीत आणि फुप्फुसांच्या आवरणात साचू लागतो. रक्त शरीराबाहेर कोठेही सांडलेले नसते, तरी वाहिन्यांच्या आत फिरणारे द्रव कमी होत जाते. हृदयाकडे परत येणारे रक्त घटल्याने प्रत्येक ठोक्यात ढकलले जाणारे रक्त कमी पडते आणि वरचा दाब हळूहळू खाली येतो. मेंदू, हृदय यांसारख्या अवयवांचा पुरवठा टिकवण्यासाठी शरीर त्याच वेळी हातापायांच्या आणि त्वचेच्या वाहिन्या आवळून धरते आणि त्या आवळण्यामुळे खालचा दाब वर चढतो. अशा रीतीने दोन्ही आकडे वरून आणि खालून एकमेकांकडे सरकतात. तरुण शरीर ही ओढाताण बराच वेळ निभावते, म्हणून वरचा दाब दीर्घकाळ टिकून राहिल्यासारखा दिसतो. ही ताकद संपली की तो एकाएकी कोसळतो आणि तोपर्यंत उपचाराचे सर्वांत मोलाचे तास निघून गेलेले असतात. याच कारणामुळे डेंग्यूत पल्स प्रेशर २० किंवा त्याहून कमी होणे हेच शॉकचे लक्षण मानले जाते आणि वरचा दाब ९० च्या खाली जाण्याची वाट पाहिली जात नाही.

वॉर्डातील एक जुनी सवय येथे थेट आड येते. हातयंत्राने रक्तदाब घेणारे अनेक जण आकडा शून्यावर आणून लिहितात, त्यामुळे नोंदींत १२०/८०, ११०/७०, ११०/८० अशा जोड्यांची गर्दी दिसते. रोजच्या देखरेखीत पाच-सहा मिलिमीटरचा हा फरक फारसा बाधत नाही, परंतु दुपारी चारची १०४/८६ ही नोंद ११०/८० अशी लिहिली गेली असती तर १८ चे अंतर ३० झाले असते आणि शॉक कागदावरून पुसला गेला असता. पाऱ्याच्या किंवा तबकडीच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, म्हणून आकडा जवळच्या सम संख्येपर्यंत लिहिणे शक्य असते आणि डेंग्यूच्या रुग्णात ते करावेच लागते. पट्टा दंडाच्या मानाने अरुंद असेल तर दाब खोटा जास्त येतो, म्हणून त्याचे मापही जुळायला हवे. अंतर फार कमी झालेले असताना आवाज क्षीण होतात आणि स्वयंचलित यंत्र पुन्हा पुन्हा फुगून चूक दाखवते किंवा भलताच आकडा देते. यंत्र बिघडले असे समजून दुसरे आणायला जाण्याआधी अशा वेळी मनगटावर बोटे ठेवून नाडी किती बारीक लागते ते पाहणे हा अधिक भरवशाचा मार्ग असतो.

शेऱ्यातील शब्द

आकड्यांच्या शेजारी लिहिला जाणारा शेरा अनेकदा ठरीव असतो. 'जनरल कंडिशन फेअर' हे शब्द इतक्या केसपेपरांवर इतक्या वेळा उमटतात की त्यांतून रुग्णाविषयी काहीच कळत नाही. वरील तक्त्यातील शेरे वेगळे आहेत, कारण त्यांत मत नाही, पाहिलेली गोष्ट आहे. पाचव्या दिवशी सकाळी लिहिलेले 'पोटात दुखते, दोन उलट्या' हे डेंग्यूच्या मान्य धोक्याच्या लक्षणांपैकी आहे. तीव्र किंवा सतत पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, सुस्ती किंवा अस्वस्थता, यकृताला सूज आणि अंगात पाणी साचल्याच्या खुणा यांचा त्या यादीत समावेश होतो. अपचनाची किंवा औषधाने पित्त खवळल्याची तक्रार म्हणून पोटदुखी बाजूला टाकली जाण्याचा संभव असतो, परंतु ताप उतरण्याच्या वेळी ती आली असेल तर तिचा संबंध बहुधा द्रव झिरपण्याशी असतो.

'सकाळी ९ नंतर लघवी नाही' हा शेरा तर एक मोजमापच आहे. पुरेसे रक्त मूत्रपिंडात पोहोचत असेल तर प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ताशी किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे या ६० किलोच्या रुग्णाला ताशी ३० मिलिलिटर. नऊपासून दोनपर्यंतच्या पाच तासांत किमान १५० मिलिलिटर अपेक्षित असताना काहीच झालेले नाही. रुग्ण चालता-फिरता असेल तर स्वच्छतागृहात जाऊन आल्याची नोंद कोठेच राहत नाही, म्हणून परिचारिकेने त्याला किंवा सोबतच्या माणसाला मुद्दाम विचारलेले असते तेव्हाच हे वाक्य लिहिता येते. 'पाय गार' हेही तसेच आहे. ताप मोजण्यासाठी थर्मामीटर काखेत ठेवताना हात रुग्णाच्या पावलापर्यंत नेला तरच ते कळते. त्याबरोबर बोटाच्या नखावर दाब देऊन सोडला असता गुलाबी रंग किती वेळात परत येतो तेही पाहतात. दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर हातापायांच्या वाहिन्या आवळलेल्या आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

दुपारी दोनची वेळ अनेक रुग्णालयांत पाळी बदलण्याची असते, त्यामुळे सकाळी रुग्णाला पाहिलेली परिचारिका जाते आणि ज्यांनी त्याला पाहिलेले नाही त्या येतात. 'ताप गेला, आता काही नाही' असे तोंडी सांगितले गेले तर पुढची नोंद संध्याकाळी सहालाच होईल. चार-चार तासांनी किंवा त्याहून विरळ नोंदी घेणे हे स्थिर रुग्णासाठी ठीक आहे, परंतु धोक्याची लक्षणे दिसू लागली की नोंदी एक ते चार तासांनी आणि शॉकमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी घ्याव्या लागतात. या तक्त्यात दोननंतरची नोंद चारला आहे. रुग्णाचा जीव त्या एका जादा ओळीने वाचवला, असे म्हणण्यास जागा आहे, कारण सहापर्यंत थांबले असते तर वरचा दाब कोसळण्याच्या बेतात आला असता किंवा कोसळलाही असता.

सलाईन, प्लेटलेट्स आणि उलटा प्रवास

चार वाजता डॉक्टरांना बोलावल्यावर रक्ताचा नमुना घेतला जातो आणि त्यात हिमॅटोक्रिट पाहिले जाते. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का म्हणजे हिमॅटोक्रिट. पातळ भाग झिरपून गेला की उरलेले रक्त दाट होते आणि हा टक्का वाढतो. या रुग्णाचे हिमॅटोक्रिट चौथ्या दिवशी ४१ होते आणि पाचव्या दिवशी दुपारी ५० झाले असे धरले, तर वाढ सुमारे २२ टक्के होते, आणि २० टक्के किंवा त्याहून अधिक वाढ हा द्रव झिरपल्याचा स्पष्ट पुरावा मानला जातो. आधीची तपासणी उपलब्ध असेल तरच ही तुलना करता येते, म्हणून दाखल होतानाचा आकडा तक्त्यावर लिहिलेला असणे उपयोगी पडते.

नातेवाइकांचे सारे लक्ष या काळात प्लेटलेट्सच्या आकड्यावर खिळलेले असते आणि रक्तपेढ्यांच्या चकरा सुरू होतात. प्लेटलेट्स घटणे हे आजार पुढे सरकल्याचे चिन्ह आहे आणि तो आकडा पाहिला जातोच, परंतु या रुग्णाला त्या क्षणी धोका आहे तो वाहिन्यांतील द्रव कमी झाल्याचा, आणि प्लेटलेट्स चढवून ते द्रव परत येत नाही. म्हणून रक्तस्राव होत नसेल तर उपचाराचा पहिला भाग शिरेतून द्रव देणे हाच असतो. वरचा दाब अद्याप टिकून असलेल्या शॉकमध्ये पहिल्या तासात दर किलोमागे ५ ते १० मिलिलिटर द्रव देतात, म्हणजे या रुग्णाला ३०० ते ६०० मिलिलिटर, आणि त्यानंतर नाडी, दाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहून वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात. सहा वाजताच्या ओळीत त्याचा परिणाम दिसतो. नाडी १०४ वर आली, दोन दाबांमधले अंतर १८ वरून ३२ झाले, हात कोमट लागू लागले आणि लघवी झाली. चारही खुणा एकाच दिशेने सरकल्या आहेत, त्यामुळे उपचार लागू पडत असल्याचे ठरवता येते. केवळ वरचा दाब पाहिला असता तर १०४ चे १०८ झाले एवढेच दिसले असते.

तक्त्याचे शेवटचे दोन दिवसही तितक्याच सावधपणे वाचावे लागतात. वाहिन्यांचे अस्तर पूर्ववत झाले की पोटात आणि छातीत साचलेला द्रव आपोआप रक्तात परत येऊ लागतो. सातव्या दिवसाच्या ओळीत त्याच्या खुणा आहेत : लघवी भरपूर होते, भूक लागते, अंगाला खाज सुटून पुरळ उठते आणि नाडी ६२ पर्यंत मंदावते. मंद नाडी पाहून घाबरण्याचे कारण नसते, कारण डेंग्यूतून बरे होताना ती अशी मंदावणे नेहमीचे आहे. या टप्प्यावर खरा धोका सलाईन चालू राहण्याचा असतो. आतला द्रव परत येत असताना बाहेरूनही द्रव मिळत राहिले तर ते फुप्फुसांत साचते आणि दोन दिवसांपूर्वी ज्या उपचाराने प्राण वाचवले तोच उपचार श्वास कोंडू लागतो.

ते वेळेवर ओळखण्याचे काम श्वसनाचा रकाना करतो आणि नेमका हाच रकाना सर्वांत कमी काळजीने भरला जातो. पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहत श्वास मोजण्याऐवजी २० हा आकडा अंदाजाने लिहून टाकण्याची सवय जगभरच्या वॉर्डांत आढळते. तसा २० सलग लिहिला जात असेल तर १८ वरून २६ कडे चाललेला श्वास कागदावर कधीच दिसत नाही आणि खोकला, उताणे झोपता न येणे, ओठ निळसर होणे अशा उशिरा येणाऱ्या खुणांची वाट पाहावी लागते. नमुना तक्त्यात सहाव्या आणि सातव्या दिवशी श्वसन १८ आहे, लघवी भरपूर आहे आणि दोन दाबांमधले अंतर ४६ वर येऊन पहिल्या नोंदीतल्या ४४ ला मागे टाकते. सलाईन थांबवण्याचा निर्णय या तीन नोंदींच्या आधाराने घेता येतो. तापाचा रकाना त्या निर्णयात काही सांगू शकत नाही, कारण पाचव्या दिवशी दुपारी चारला रुग्ण शॉकमध्ये असताना तेथे ९८.० लिहिले होते आणि सातव्या दिवशी सकाळी तो बरा होत असतानाही तेथे ९८.० च लिहिले आहे.